देय तारीख उलटून चार-सहा दिवस झाले: ग्राहकाला पहिलं आठवणीचं ईमेल कसं लिहावं

आमचा स्टुडिओ तीन माणसांचा. पुण्यात बसून आम्ही कारखान्यांचे कॅटलॉग, मशीनबरोबर जाणाऱ्या माहितीपुस्तिका, खोक्यांवरची छपाई असलं काम करतो. २०२५ च्या जूनमध्ये चाकणच्या एका कंपनीसाठी केलेल्या कॅटलॉगचं बिल पाठवलं. बिलाची तारीख २ जून, मुदत तीस दिवसांची, म्हणजे देय तारीख २ जुलै, बुधवार. कामाचे साठ हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे १०,८००, एकूण ₹ ७०,८००. कंपनी कामाच्या रकमेवर दहा टक्के टीडीएस कापते, म्हणजे सहा हजार वजा. खात्यात यायला हवे होते ₹ ६४,८००. ७ जुलैच्या संध्याकाळपर्यंत आले नव्हते.

हा लेख दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलेल्या त्या एका ईमेलबद्दल आहे. वसुलीची पुढची सगळी पायरी-पायरी इथे नाही. महिनाभर टाळाटाळ करणाऱ्याला काय लिहायचं, नोटीस कधी काढायची, ती वेगळी गोष्ट. पहिल्या आठवड्यात लिहायचं ईमेल हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि बरेच जण त्यात तिसऱ्या ईमेलची भाषा घालून ठेवतात.

आधी बिल कुठे अडकलं असेल ते डोळ्यांसमोर आणा

चार-सहा दिवस उशीर झालेला असतो तेव्हा ग्राहक पैसे बुडवायला बसलेला नसतो. बिल कुठल्यातरी टेबलावर पडलेलं असतं. जरा बऱ्या आकाराच्या कंपनीत बिलाचा प्रवास असा होतो: ज्यांनी काम सांगितलं ते ‘काम मिळालं’ म्हणून सही करतात, मग अकाउंट्समधलं कुणीतरी ते पीओशी, म्हणजे त्यांनी काढलेल्या खरेदी-ऑर्डरशी, ताडून टॅलीत किंवा सॅपमध्ये चढवतं, टीडीएस धरतं, मग ते पुढच्या पेमेंटच्या यादीत जातं, बँकेच्या पोर्टलवर एक जण भरतो, दुसरा मंजूर करतो, आणि मग एनईएफटी सुटते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीही. त्यामुळे ‘बँकेमुळे अडकलं’ हे कारण एक दिवसाच्या पुढे सहसा टिकत नाही. अडकलेलं असतं ते सही, पीओ किंवा यादी या तीनपैकी एका ठिकाणी.

म्हणून पहिल्या ईमेलचं काम पैसे मागणं हे नाहीच म्हटलं तरी चालेल. अकाउंट्समधल्या माणसाला तुमचं बिल एका मिनिटात सापडावं, आणि ते कुठे थांबलंय हे त्याने तुम्हाला एका ओळीत सांगावं, एवढंच त्याचं काम. सूर आणि रचना दोन्ही यातूनच ठरतात.

लिहायला बसण्याआधीची दहा मिनिटं

या दहा मिनिटांचा मी कंटाळा केला होता आणि त्याची किंमत मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाला मी बऱ्यापैकी ताठ शब्दांत आठवण पाठवली. तासाभरात उत्तर आलं: पैसे आठ दिवसांपूर्वीच गेलेत, हा घ्या यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक. स्टेटमेंटमध्ये मी ₹ ४७,२०० शोधत होते. आले होते टीडीएस कापून ₹ ४३,२००, आणि तेही त्या कंपनीच्या नावाने नाही तर त्यांच्या मूळ समूह-कंपनीच्या नावाने. नजरेखालून गेलेली नोंद मीच ओळखली नाही. माफी मागितली, त्यांनी ती घेतलीही, पण त्यानंतरच्या खऱ्या आठवणींना त्यांच्याकडून ‘एकदा तुमच्याकडे बघून घ्या ना’ असं उत्तर यायला लागलं.

तेव्हा पहिली गोष्ट, स्टेटमेंटमध्ये बिलाची पूर्ण रक्कम शोधू नका. टीडीएस वजा केलेला आकडा शोधा. टीडीएस सहसा जीएसटी सोडून मूळ रकमेवरच कापतात, जीएसटी बिलावर वेगळा दाखवलेला असेल तर. म्हणून ७०,८०० मधून ७,०८० नाही, ६,००० वजा करायचे.

दुसरी गोष्ट, देय तारीख कुठून मोजायची ते पीओत पाहा. तुमच्या मते बिलाच्या तारखेपासून तीस दिवस. त्यांच्या पीओत कदाचित ‘काम स्वीकारल्यापासून तीस दिवस’ किंवा ‘बिल मिळाल्यापासून’ असं असेल. तसं असेल तर अजून उशीर झालेलाच नाही, आणि तुमचं ईमेल वाचून समोरचा फक्त मान हलवेल.

तिसरी, बिल खरंच पोचलं होतं का. पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन पत्ता बघा. ज्यांनी काम दिलं त्यांना बिल पाठवलं आणि अकाउंट्सला नाही, असं असेल तर बिल अजून त्या साहेबांच्या इनबॉक्समध्ये असण्याची दाट शक्यता आहे. बिलावर पीओ क्रमांक आहे का, त्यांचा जीएसटी क्रमांक बरोबर आहे का, हेही त्याच वेळी.

आणि चौथी, जिच्याकडे छोट्या व्यावसायिकांचं लक्षच नसतं. तुमचं जीएसटीआर-१ भरलंय का? मासिक विवरण भरणाऱ्याने जूनचं बिल ११ जुलैपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवायचं असतं, आणि ते ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणारी करवजावट दाखवणाऱ्या तक्त्यात, १४ जुलैला उमटतं. अनेक कंपन्या २बी मध्ये बिल दिसेपर्यंत पैसे, निदान जीएसटीचा भाग तरी, सोडत नाहीत. २ जूनचं बिल ११ जुलैच्या रात्री विवरणात टाकणारा माणूस ८ जुलैला आठवण पाठवत असेल, तर उशिराचं कारण त्याच्याच घरात असू शकतं. मी आता विवरण पाच तारखेच्या आत भरून टाकते. तिमाही विवरण भरणाऱ्यांनी तर हे आधीच ग्राहकाशी बोलून ठेवलेलं बरं.

कधी पाठवायचं

देय तारखेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पाठवलेलं ईमेल घाई दाखवतं. तीन आठवड्यांनी पाठवलेलं असं सांगतं की तुमच्या तारखेला तुम्हीच महत्त्व देत नाही. तीन ते सात दिवसांच्या मधला एखादा दिवस धरा. पण त्या दिवसांतला कुठला, हे कॅलेंडरपेक्षा अकाउंट्सच्या महिन्यावर ठरवा.

टीडीएस भरायची तारीख दर महिन्याची सात. जीएसटीआर-१ ची अकरा. जीएसटीआर-३बी ची बहुतेकांसाठी वीस. पाच-सहा-सात तारखेला अकाउंट्समधल्या बाईंना ईमेल पाठवणं म्हणजे लग्नघरात यजमानाला हिशेब विचारणं. म्हणून मी सात तारीख जाऊ दिली. शिवाय या कंपनीत पेमेंट गुरुवारी निघतं हे मला आधीच्या बिलांवरून माहीत होतं. स्टेटमेंट मागे चाळून पाहा, एका ग्राहकाचे पैसे बहुधा एकाच वाराला आलेले दिसतात. गुरुवारची यादी बुधवारी दुपारी बंद होत असणार, म्हणून मंगळवार, ८ जुलै, सकाळी पावणेअकरा. सोमवारी सकाळी पाठवलेलं ईमेल शनिवार-रविवारच्या ढिगाऱ्याखाली जातं, शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेलं कुणी उघडत नाही.

कोणाला आणि सीसीत कोण

बिल ज्यांना पाठवलं होतं त्यांनाच ‘टू’मध्ये ठेवा. अकाउंट्सचा वेगळा पत्ता माहीत असेल तर ‘टू’मध्ये अकाउंट्स आणि सीसीत ज्यांच्याबरोबर काम केलं ते. त्यांच्या वरच्या साहेबांना सीसीत घेऊ नका. सीसीत साहेब आले की ईमेलमध्ये कितीही गोड लिहिलं तरी ती तक्रार होते, आणि ज्या माणसाने तुमचं बिल पुढे ढकलायचं त्यालाच तुम्ही साहेबांसमोर उभं केलेलं असतं. तो पत्ता पुढच्या ईमेलसाठी राखून ठेवा. पहिल्याच फेरीत वापरलात तर नंतर वापरायला काही उरत नाही.

शक्यतो बिल पाठवलेल्या जुन्या ईमेललाच उत्तर द्या, म्हणजे सगळा माग एकाच धाग्यात राहतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ‘रिप्लाय’ केल्यावर जुनी जोडलेली फाइल बरोबर जात नाही, ती पुन्हा जोडावी लागते. आणि जीमेलमध्ये विषय बदललात तर धागा तुटतो. जुना विषय नुसताच ‘बिल’ किंवा ‘इनव्हॉइस’ असा असेल तर मी धागा तुटू देते आणि नवा विषय लिहिते. नुसत्या ‘बिल’ने शोधणाऱ्याला तीनशे ईमेलं सापडतात.

विषयाची ओळ

विषयात ‘अर्जंट’, ‘थकबाकी’, ‘ओव्हरड्यू’ यातलं काही नको. ‘जेंटल रिमाइंडर’ही नको. इतक्या लोकांनी इतक्या वेळा वापरलंय की ते वाचताना आता कुणालाच काही ‘जेंटल’ वाटत नाही. उलट दात आवळून हसणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. विषयात बिल क्रमांक, कामाचं नाव, रक्कम, तारीख, बस. मोबाइलवर विषयाचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो, म्हणून क्रमांक सगळ्यात आधी.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट. बिल क्रमांक आणि पीओ क्रमांक बिलावर ज्या अंकांत छापलेत त्याच अंकांत लिहा. बिलावर 25-26/031 असेल तर ईमेलमध्येही 25-26/031 च. तुम्ही प्रेमाने २५-२६/०३१ लिहिलंत, आणि समोरच्याने ते उचलून एक्सेलच्या शोधात टाकलं, तर काहीच सापडणार नाही. बाकीचं ईमेल खुशाल देवनागरी अंकांत असू द्या.

सूर: एक जुना मसुदा फाडून बघू

सुरुवातीच्या वर्षांत मी पाठवायची ते ईमेल साधारण असं असायचं:

> आदरणीय महोदया,
> सर्वप्रथम आपल्या व्यस्त वेळेत त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. आमच्या बिलाचे पैसे आपल्याकडून अजूनही मिळालेले नाहीत. महिन्याची सुरुवात असल्यामुळे आमच्याकडे पगार करावयाचे आहेत, त्यामुळे अडचण होत आहे. तरी कृपया सवडीने परंतु शक्य तितक्या लवकर रक्कम पाठवावी ही नम्र विनंती.

यात शिवी एकही नाही, तरी ते ईमेल वाईट आहे. का, ते ओळीओळीने बघण्यासारखं आहे.

‘क्षमस्व’ कशाबद्दल? ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे विचारण्यात त्रास देणं कसलं? माफीने सुरुवात केली की वाचणाऱ्याला कळतं की या बाई दबल्यात, यांचं बिल पुढच्या यादीत ढकललं तरी चालेल. नम्रपणा हवा, पण तो ‘नमस्कार’ आणि ‘कृपया’ एवढ्यात मावतो.

‘आपल्याकडून अजूनही मिळालेले नाहीत’ या वाक्यात दोन काटे आहेत. ‘आपल्याकडून’ बोट दाखवतं. आणि ‘अजूनही’! मराठीत या एका शब्दात अख्खी नाराजी मावते. ‘अजून जेवायला वाढलं नाही’ आणि ‘जेवायला वाढलेलं नाही’ यात जो फरक आहे तोच इथेही. ‘अजून’ काढा, काटा निघतो, आणि अर्थ तसूभरही कमी होत नाही.

त्याऐवजी मी आता लिहिते: ‘रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही.’ हे ‘दिसत नाही’ फार उपयोगी आहे. ते कुणावर आरोप करत नाही, आणि ते खोटंही ठरू शकत नाही. पैसे वाटेत असतील, दुसऱ्या नावाने आले असतील, माझी नजर चुकली असेल, तरी मला ते दिसत नव्हते हे खरंच असतं. समोरच्यालाही ‘एकदा पुन्हा बघा’ म्हणायला जागा राहते, भांडायला लागत नाही.

पगाराचं वाक्य तर पूर्ण काढून टाका. तुमची अडचण हे त्यांनी पैसे द्यायचं कारण नाही. तारीख उलटली हे कारण आहे. एकदा अडचण सांगितली की पुढच्या वेळी अडचण नसताना मागताना तुम्हालाच संकोच वाटतो.

‘सवडीने परंतु शक्य तितक्या लवकर’ हे एकाच वाक्यात दोन दिशांना ओढणारे दोन बैल. वाचणारा त्यातला सोयीचा घेतो, आणि तो ‘सवडीने’ असतो.

‘तरी … पाठवावी ही नम्र विनंती’ ही अर्जाची भाषा. तलाठी कार्यालयात शोभेल. शिवाय ती विनंती आहे, प्रश्न नाही. विनंतीला उत्तर द्यावं लागत नाही, मनात ‘हो पाठवू’ म्हणून पुढे जाता येतं. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. ‘हे बिल कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये धरलंय?’ याला ‘पाहतो’ म्हणून चालत नाही, तारीख तरी सांगावी लागते नाही तर अडचण तरी.

आणि सगळ्यात मोठी खोट: या ईमेलमध्ये बिलाचा क्रमांक नाही, रक्कम नाही, तारीख नाही. वाचणाऱ्याला काम करायचं असलं तरी करता येणार नाही.

‘आपण’ की ‘तुम्ही’? रोज जे वापरता तेच. सहा महिने ‘तुम्ही’ म्हणत व्हॉट्सॲपवर बोललेल्या बाईंना बिलाच्या ईमेलमध्ये एकदम ‘आपणांस कळविण्यात येते की’ लिहिलंत तर त्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय. शब्द आदराचे, अंतर मात्र वाढलेलं.

ईमेल

८ जुलैला गेलेलं ईमेल असं होतं. कंपनीचे क्रमांक अर्थातच बदलले आहेत.

> विषय: बिल क्र. 25-26/031, कॅटलॉग डिझाइन, ₹ ७०,८००, देय तारीख २ जुलै
>
> नमस्कार मॅडम,
>
> बिल क्र. 25-26/031 (दि. २ जून, पीओ क्र. 4500018732) ची देय तारीख २ जुलै होती. आज सकाळपर्यंत ही रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही.
>
> बिलाची एकूण रक्कम ₹ ७०,८००. टीडीएस ₹ ६,००० वजा जाता येणे ₹ ६४,८००. बिलाची प्रत पुन्हा जोडली आहे. बँकेचा तपशील बिलावर आहे तोच, त्यात बदल नाही.
>
> हे बिल कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये धरलं आहे, एवढं कळवाल का? एखादा कागद किंवा सही राहिली असेल तर तेही सांगा, आमच्याकडून लागणारं आजच पाठवते.
>
> रक्कम आधीच पाठवली असेल तर कृपया यूटीआर क्रमांक द्या, म्हणजे मी इथे नोंद करून घेते.
>
> धन्यवाद.

खाली नाव, स्टुडिओ, फोन. एवढंच. मोबाइलच्या एका पडद्याच्या फार पलीकडे जात नाही.

पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यं, दोन्ही नुसती माहिती. ‘सहा दिवस उलटून गेले’ असं मी मोजून दाखवत नाही. तारीख दिली की मोजणी वाचणारा स्वतः करतो, आणि स्वतः केलेली मोजणी जास्त टोचते.

दुसऱ्या परिच्छेदातली टीडीएसची बेरीज-वजाबाकी उगाच नाही. ‘₹ ७०,८०० येणे’ असं लिहिलं असतं तर अकाउंट्सचा पहिला विचार ‘हिला टीडीएस माहीत नाही वाटतं’ हा आला असता, आणि उत्तर त्याच मुद्द्यावर आलं असतं. बँकेच्या तपशिलाचं वाक्य मी अलीकडे घालायला लागले. ईमेल हॅक करून ‘आमचं खातं बदललंय, इथे पैसे पाठवा’ असं सांगणारी फसवणूक अकाउंट्सवाल्यांना चांगली माहीत असते. पैशाच्या ईमेलमध्ये नवा खाते क्रमांक दिसला की शहाणा माणूस पेमेंट थांबवतो, आणि बरोबरच करतो. म्हणून आठवणीच्या ईमेलमध्ये खाते क्रमांक नव्याने लिहू नका. खरंच बदलला असेल तर ती बातमी वेगळ्या ईमेलने आणि फोनने द्या, या ईमेलशी तिची गाठ घालू नका.

जोडलेल्या फाइलचं नावही शोधता येईल असं हवं. `Bill_25-26-031.pdf` असं. तिरकी रेघ विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून तिथे आडवी रेघ. ‘स्कॅन००४’ नावाची फाइल तीन वेळा पाठवूनही ‘बिल मिळालं नाही’ असं उत्तर येतं ते यामुळेच.

तिसऱ्या परिच्छेदात एकच प्रश्न आहे. त्याला जोडून दिलेली वाट, कागद किंवा सही राहिली असेल तर सांगा, ही समोरच्याला लाज न वाटता खरं सांगता यावं म्हणून. कित्येकदा बिल अडकलेलं असतं ते त्यांच्याच कुणाच्या विसराळूपणामुळे, आणि बाहेरच्या माणसापुढे ते कबूल करणं जड जातं. ‘सही राहिली असेल’ हे शब्द तुम्हीच पुरवलेत की ते सोपं होतं.

यूटीआरची ओळ शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. ‘रक्कम पाठवली असल्यास या ईमेलकडे दुर्लक्ष करावे’ अशी सुरुवात बँकांच्या छापील संदेशांत असते. ती वाचली की लोक खरंच दुर्लक्ष करतात. यूटीआर मागितला तर पैसे गेले असले तरी उत्तर येतंच. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-अंकांचा असतो. सहा अंकी काहीतरी आलं तर तो त्यांच्या व्हाउचरचा क्रमांक असू शकतो, पुन्हा विचारा.

काय लिहायचं नाही, आणि कायद्याचं काय

तुमची उद्यम नोंदणी असेल तर कायदा तुमच्या बाजूने बराच उभा आहे. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, जी ४३बी(एच) या नावाने ओळखली जाते, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही.

पहिल्या ईमेलमध्ये यातलं अक्षरही नको. व्याजाचा उल्लेख केलात की ईमेल अकाउंट्सच्या टेबलावरून उठून कायदा बघणाऱ्या माणसाकडे जातं, आणि तिथून परत यायला वेळ लागतो. हे सांगायची खरी जागा बिल आहे. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ‘सूक्ष्म उद्योग’ एवढं छापलेलं असलं की पुरे. अकाउंट्सला त्याचा अर्थ कळतो, आणि मार्च जवळ आला की ते स्वतःच अशी बिलं आधी काढतात. आठवणीच्या ईमेलला तेच बिल जोडलेलं असतं, म्हणजे जे सांगायचं ते न बोलता सांगितलेलं असतं.

काम थांबवण्याची सूचनाही पहिल्या ईमेलमध्ये नको. आणि नवं काम, नवं कोटेशन, ‘दिवाळीच्या कॅलेंडरचं काय ठरलं’ हेही त्यात मिसळू नका. उत्तर हमखास कॅलेंडरबद्दल येतं.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर आपल्याकडे ते टाळता येत नाही, टाळूही नये. पण आधी ईमेल, मग त्याच दिवशी दुपारी एक ओळ: ‘मॅडम, 031 च्या बिलाबद्दल सकाळी मेल केलाय, बघाल का?’ रक्कम नाही, फाइल नाही. आणि कामाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, तिथे त्यांचे सहकारी असतात.

उत्तर काय येतं आणि त्याचं काय करायचं

‘प्रोसेसमध्ये आहे’ हे सगळ्यात जास्त येणारं उत्तर, आणि त्यात माहिती शून्य. त्यावर रागवायचं नाही. लगेच एका ओळीत: ‘धन्यवाद. या गुरुवारच्या यादीत आहे असं धरू का?’ मोकळा प्रश्न ज्याने टाळला, त्याला हो किंवा नाही एवढंच विचारायचं.

‘बिलच मिळालं नाही’ असं आलं तर वाद घालू नका, तुमच्याकडे पाठवल्याचा पुरावा असला तरी. जुनं ईमेल ‘फॉरवर्ड’ करा. फॉरवर्ड केल्यावर फाइलही जाते आणि वर मूळ तारीखही दिसते. जे म्हणायचं ते ती तारीख म्हणते. नवी तारीख घालून नवं बिल मात्र बनवू नका. ते जीएसटीत गोंधळ करतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? पुढचा पेमेंटचा वार जाऊ द्या. तोवर दुसरं ईमेल नाही. त्यानंतर फोन करा, आणि फोनवरही तोच प्रश्न: कोणत्या तारखेला धरलंय?

चाकणच्या मॅडमचं उत्तर त्याच दिवशी साडेतीनला आलं. बिल त्यांच्याकडे चढलेलंच नव्हतं. काम मिळाल्याची सही द्यायची होती ती मार्केटिंगच्या साहेबांनी, आणि ते प्रदर्शनासाठी बाहेरगावी होते. सही कशावर हवी ते मी विचारलं, त्यांनी त्यांचा एक पानी फॉर्म पाठवला, मी आमची बाजू भरून तासाभरात साहेबांना आणि त्यांना दोघांना पाठवला. १० तारखेची यादी चुकली. १७ जुलैला, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला खात्यात ₹ ६४,८०० जमा झाले.

तो एक पानी फॉर्म आता आमच्या फोल्डरमध्ये आहे. त्या कंपनीला पुढचं बिल पाठवलं तेव्हा तो भरून, सही घेऊन, बिलाबरोबरच जोडला.